चौथीतली लेक पहिल्यांदाच सूत्रसंचालन करणार आहे, संहिता सोपी कशी करू?

भांडुपची_आई
नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे, मराठी माध्यम. २७ फेब्रुवारीला शाळेच्या सभागृहात दीड तासाचा कार्यक्रम आहे आणि सूत्रसंचालन तिच्याकडे आलंय. घरात आनंदीआनंद आहे, पण बाईंनी दिलेली संहिता चार पानांची आहे. सुरुवातच बघा:

"सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान प्रमुख अतिथी, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज आपण मराठी राजभाषा दिनाच्या औचित्याने येथे एकत्रित झालो आहोत."

"विराजमान"ला ती अडखळते, "औचित्याने"ला थांबते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. काल "दीपप्रज्वलन" अकरा वेळा म्हणून झालं, बाराव्या वेळी रडली. दुसरी अडचण अशी की वाक्य संपलं की पुढे काय करायचं हे तिला कळत नाही. तिथेच उभं राहायचं, बाजूला व्हायचं, की गाणं सुरू होईपर्यंत बोलत राहायचं? संहितेत त्याबद्दल काहीच नाही. बाई चांगल्या आहेत, बदल करा म्हणाल्या, फक्त क्रम तोच ठेवा. नऊ दिवस हातात आहेत. कुणी मुलांसाठी असं लिहिलंय का?

साष्टीकर
अभिनंदन लेकीचं! माझं मत स्पष्ट आहे, सगळं पाठ करून घ्या. हातात कागद आला की मूल खाली बघतं आणि आवाज छातीत अडकतो. माझा मुलगा पाचवीत असताना आम्ही कागद दिलाच नव्हता, छान झालं होतं.

गिरगावचा_राजू
सूत्रसंचालनासाठी चारोळ्या हव्यात ना? आमच्या वाडीच्या गणपतीत मी दहा वर्षं निवेदन करतोय. प्रत्येक गाण्याआधी एक चारोळी टाकायची, माहोल तयार होतो. साठ-सत्तर तयार आहेत, पाठवू का?

भांडुपची_आई
राजूदादा, मनापासून आभार, पण आधीच शब्द जास्त झालेत. मला कमी करायचेत.

निवृत्त_बाई
मी परळच्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पोराला माइकपाशी उभं केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. अवघड शब्द काढणं सोपं आहे. पण मूल घाबरतं ते शब्दांना कमी आणि वाक्य संपल्यावरच्या शांततेला जास्त. म्हणून चार पानं बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रसंगाचं एक वेगळं कार्ड करा. कार्डावर तीनच गोष्टी. वरती बघ, म्हणजे काय दिसल्यावर बोलायला सुरुवात करायची. मधे बोल. खाली कर, म्हणजे बोलून झाल्यावर पाय कुठे, हात कुठे. मोठी माणसं फक्त मधला भाग लिहून देतात आणि वरचा-खालचा मुलाने ओळखावा अशी अपेक्षा करतात.

नऊ वर्षांचं मूल भीतीत असताना एका श्वासात पाच-सहा शब्द बोलतं. तेवढ्यावर तिरपी रेघ मारा. रेघेवर श्वास, रेघेवरच मान वर. साष्टीकर म्हणतात ती खाली बघण्याची सवय तिथे सुटते, कारण वर कधी बघायचं हे कागदच सांगतो.

आणि साष्टीकर, पहिलं आणि शेवटचं कार्ड पाठ हवंच, इतपत तुमच्याशी सहमत. पण मधली कार्डं पाठ केली आणि ऐन वेळी क्रम बदलला, तर पाठ केलेलं मूल पूर्ण हरवतं. माझ्याकडे असं झालंय. सातवीतली हुशार मुलगी, पाहुणे उशिरा आले म्हणून एक नाच आधी घ्यावा लागला. "आत्ताच आपण पाहुण्यांचे विचार ऐकले" हे पाहुणे यायच्या आधीच तिच्या तोंडून गेलं, कारण त्याच्या पुढचं वाक्य तिला त्याशिवाय आठवतच नव्हतं.

साष्टीकर
बाई, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आमच्याकडे क्रम बदलला नाही म्हणून निभावलं असेल. तरी कागद दिसू नये असं वाटतंच.

निवृत्त_बाई
दिसू दे की. पोस्टकार्डाएवढं कार्ड वाईट दिसत नाही. मोठा पातळ कागद मात्र नको, तो हाताबरोबर थरथरतो, माइकमधून सळसळतो, आणि ते ऐकून मूल आणखी घाबरतं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून घ्या. काळ्या स्केचपेनने, एकाच बाजूला. लॅमिनेट करू नका, स्टेजवरचा दिवा त्यावर चमकतो आणि अक्षर दिसत नाही.

घाटकोपर_साउंड
मी साउंडचं काम करतो, शाळांचे कार्यक्रम भरपूर केलेत. आमच्या बाजूने दोन गोष्टी.

आम्हाला गाणं कधी सोडायचं हे निवेदकाच्या शेवटच्या शब्दावरून कळतं. तो शब्द आधीच ठरलेला पाहिजे आणि त्या कार्डावर दुसरीकडे कुठे यायला नको. एका शाळेत संहितेत होतं, "आता पाचवीच्या मुली स्वागतगीत सादर करतील, तर ऐकूया स्वागतगीत." मला सांगितलेलं, "स्वागतगीत म्हटलं की सोडा." मी पहिल्याला सोडलं. पोरगी बोलतेय, वर पेटी वाजतेय. चूक माझी नाही, त्या पोरीचीही नाही.

दुसरं माइकचं. लहान मुलाचा आवाज बारीक, त्यात माइक पोटाशी धरतात. मग आम्ही आवाज वाढवतो आणि माइक शिट्टी मारायला लागतो. हनुवटीपासून चार बोटं अंतर, जाळीवर हात नाही, खालच्या टोकालाही हात नाही, तिथे वायरलेसचा अँटेना असतो. आणि स्पीकरच्या पुढे जाऊन उभं राहायचं नाही. जमिनीवर खडूने फुली मारून द्या, त्यावरच उभी राहा म्हणावं. बटणाला तिने हात लावायचाच नाही, चालू-बंद आम्ही बघतो. पोरं घाईत बंद करतात आणि पुढचं कार्ड मुक्यानेच वाचतात.

ओवी_पार्ले
साउंडवाल्या दादांचा मुद्दा फारच कामाचा. मग दोनच शब्द ठरवा ना. गाणं असेल तर शेवटचा शब्द "ऐकूया", नाच किंवा नाटुकलं असेल तर "पाहूया". बाकी कुठेही हे शब्द वापरायचे नाहीत.

गिरगावचा_राजू
प्रत्येक वेळी तेच शब्द? प्रेक्षक कंटाळतील. निवेदनात विविधता पाहिजे.

निवृत्त_बाई
राजू, तुम्ही मोठ्यांच्या कार्यक्रमाबद्दल बरोबर आहात. इथे प्रेक्षक म्हणजे आईवडील, ते आपलं मूल कधी येतंय एवढंच बघत असतात. शब्द तोच राहिला की मुलीला धीर येतो, पडदेवाल्या शिपाईमामांनाही कळतं. ओवी, छान सुचवलंत.

गिरगावचा_राजू
मला पटलेलं नाही, पण लहान मुलगी आहे म्हणून गप्प बसतो. 🙂

भांडुपची_आई
काल रात्री जागून पहिली तीन कार्डं केली. बघता का?

*कार्ड १*
बघ: बाई विंगेतून अंगठा दाखवतात.
बोल: नमस्कार. / मी चौथी ब मधली ___. / आज २७ फेब्रुवारी. / आज मराठी राजभाषा दिन. / तुम्हा सगळ्यांचं / मनापासून स्वागत!
कर: टाळ्या थांबेपर्यंत थांब. मनात तीन मोज.

*कार्ड २*
बघ: हाराचं तबक टेबलावर आलं.
बोल: आज कवी कुसुमाग्रजांचा वाढदिवस. / मराठीला पहिलं ज्ञानपीठ / मिळवून देणारे कवी. / आपले पाहुणे श्री. ___ / त्यांच्या फोटोला हार घालतील. / पाहुण्यांना विनंती, / आपण पुढे यावं.
कर: दोन पावलं मागे. माइक खाली.

*कार्ड ३*
बघ: पाचवीच्या मुली उभ्या राहिल्या.
बोल: हार घालून झाल्यावर / आता स्वागतगीत. / पाचवीच्या मुली गाणार आहेत. / चला, ऐकूया!
कर: विंगेत जा.

दीपप्रज्वलन बाईंनी स्वतःकडे घेतलं. लेकीने त्यांना मिठीच मारली म्हणे.

मुलुंड_पूर्व
सुंदर झालंय, पण कार्ड १ बदला. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे ला असतो. ही गल्लत दर वर्षी बॅनरवर, पत्रिकांवर दिसते आणि मग मुलांच्या तोंडीही जाते. तुमच्या मूळ संहितेतही तीच चूक आहे, बाईंच्या कानावर घाला.

कार्ड २ मध्येही एक चूक आहे. मराठीला पहिलं ज्ञानपीठ वि. स. खांडेकरांमुळे मिळालं, १९७४ सालचं, "ययाति"साठी. कुसुमाग्रज दुसरे, १९८७ सालचं. शिवाय "वाढदिवस" नको, "जन्मदिवस" म्हणा. जन्म १९१२चा.

भांडुपची_आई
बापरे, बरं झालं विचारलं. ज्ञानपीठाचं वाक्य मी माझ्या मनाने घातलं होतं. काढूनच टाकते.

निवृत्त_बाई
काढाच. "आज कवी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस" एवढं पुरे. माहिती प्रास्ताविकात मोठी माणसं सांगतील.

कार्ड ३ मधलं "हार घालून झाल्यावर"ही काढा. कुठल्याही कार्डावर आधीच्या किंवा नंतरच्या प्रसंगाचा उल्लेख नको. "यानंतर" नको, "तिसरा कार्यक्रम" नको, "सर्वात शेवटी" नको. प्रत्येक कार्ड सुटं उभं राहिलं पाहिजे, पत्त्यासारखं. मग क्रम बदलला तर बाई फक्त कार्ड वरखाली करतील, मुलीला कळणारही नाही.

कार्डं दोऱ्यात ओवू नका. किल्ल्यांची उघडणारी कडी घ्या. पडली तर विखुरणार नाहीत आणि बदलायची तर बदलता येतील.

शीव_कोळीवाडा
माझ्या मुलाचा वेगळा प्रश्न आहे, इथे विचारू का? तो तिसरीत आहे, "र" अजून नीट येत नाही, "ल" होतं. त्याला दोन ओळींचं निवेदन दिलंय आणि त्यात "रसिक प्रेक्षकहो" आहे. मुलं हसतील म्हणून त्याला जायचंच नाही.

ओवी_पार्ले
"रसिक प्रेक्षकहो"च्या जागी "नमस्कार मंडळी" करा. "नमस्कार"मध्ये र शेवटी आहे, तो पटकन निघून जातो. उरलेल्या दोन ओळी इथे टाका, आम्ही र नसलेले शब्द शोधतो. आणि उच्चाराचं शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवा, वयाप्रमाणे सुटतं की थेरपिस्टकडे न्यायला हवं हे बघणारं माणूसच सांगेल.

शीव_कोळीवाडा
दुसरी ओळ आहे "रंगारंग कार्यक्रम सादर करीत आहोत." सहा र!

मुलुंड_पूर्व
"आम्ही छोटी मुलं / एक गंमत दाखवतो." एकही नाही.

शीव_कोळीवाडा
त्याला वाचून दाखवलं. उड्या मारतोय. धन्यवाद!!

साष्टीकर
मूळ विषयावर येऊ. पाहुण्यांच्या नावाचं काय? तिथे मोठे निवेदकही घसरतात.

निवृत्त_बाई
नाव कार्डावर जसं उच्चारतात तसं, जोडून-तोडून लिहायचं. आडनाव क्षीरसागर असेल तर "क्षीर-सागर". कुलकर्णी की कुळकर्णी, हे त्यांनाच फोन करून विचारायचं, पत्रिकेवर विश्वास ठेवायचा नाही. पदव्या मुलीच्या तोंडी नकोत, त्या परिचय करून देणाऱ्या शिक्षकांनी सांगाव्यात. आणि पाहुणे कार्यक्रमाआधी दहा मिनिटं चहाला बसतात, तेव्हा मुलीला नेऊन त्यांना नमस्कार करायला लावा. चेहरा ओळखीचा झाला की नाव घशात अडकत नाही.

आणखी एक कार्ड करा, त्याला मी थांबा-कार्ड म्हणते. ते कडीत सगळ्यात शेवटी, वेगळ्या रंगाचं. कलाकार तयार नाहीत, पेनड्राइव्ह उघडत नाही, अशा वेळी मुलीने काय बोलायचं? चौथीतल्या मुलीला आयत्या वेळी सुचणार नाही. त्यावर एक उखाण्यातलं कोडं लिहा.

बघ: बाई हाताने "थांब" करतात.
बोल: एक कोडं घालू? / पाटीलबुवा रामराम, / दाढीमिशा लांब लांब. / सांगा, कोण?
कर: उत्तरं ऐक. अंगठा दिसला की उत्तर सांग.

खुबी शेवटच्या ओळीत आहे. उत्तर अंगठा दिसेपर्यंत सांगायचं नाही. सभागृह ओरडत राहतं, वेळ निघून जातो, आणि "बरोबर, मक्याचं कणीस!" म्हटलं की सरळ पुढच्या कार्डावर. मराठीच्या दिवशी जुनं कोडं शोभतंही.

घाटकोपर_साउंड
हे आमच्यासाठी वरदान आहे बाई. पेनड्राइव्ह न उघडण्याचे प्रकार फार. मोबाइलवर गाणी कॉपी करून आणा, तरी उघडेपर्यंत अर्धं मिनिट जातंच.

ओवी_पार्ले
पोडियम असेल तर एकदा उभी करून बघा. आमच्या शाळेत पोडियममागून फक्त दोन रिबिनी दिसत होत्या. खाली पाट ठेवावा लागला.

भांडुपची_आई
पोडियम काढायला सांगितला, हातात माइक. आज घरी सराव घेतला. आजी पाहुण्या, बाबा साउंडवाले, धाकटा म्हणजे पाचवीच्या सगळ्या मुली. माइक म्हणून लाटणं. तीनदा सरळ, मग बाबांनी मुद्दाम कार्डं पिसली. आधी गोंधळली, दुसऱ्यांदा जमलं. सगळ्यात अवघड गेलं ते "मनात तीन मोज". तिला ते तीन म्हणजे फार मोठा वेळ वाटतो.

निवृत्त_बाई
तीन मोजायचं सोडा. पायाच्या अंगठ्याने बुटात तीनदा दाबायला सांगा. शरीराला काम मिळालं की थांबणं जमतं.

भांडुपची_आई
मंडळी, कार्यक्रम झाला! लिहायला दोन दिवस उशीर झाला, माफ करा.

पाहुणे लोकलच्या गोंधळात अडकले, पंचवीस मिनिटं उशीर. बाईंनी कडी उघडली, कार्ड ३ वर घेतलं, कार्ड २ खाली. तिला काहीच वाटलं नाही. स्वागतगीत झालं, लेझीम झालं, तेव्हा कुठे पाहुणे आले. मी मागे बसून हेच मनात आणत होते की "हार घालून झाल्यावर" राहिलं असतं तर काय झालं असतं.

थांबा-कार्ड निघालंच. दुसरीच्या नाचात एका मुलीचं घुंगरू सुटलं, बाईंनी हात दाखवला. लेकीने कोडं घातलं. पहिलीची मुलं "शिवाजी महाराज!" ओरडली, कुणी "माझे आजोबा!" म्हणालं. ती हसायला लागली आणि तिथून पुढे तिचा आवाजच मोकळा झाला. कार्ड न बघता विचारलं, "अजून कोण सांगतंय?" हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एक गोष्ट बिघडली. हार घालताना ती दोन पावलं मागे गेली, माइक खाली केला, पण तो चालूच होता. तिने शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं, "मला शूला जायचंय," आणि ते सगळ्या सभागृहाने ऐकलं. लोक प्रेमाने हसले, पण घरी येऊन ती त्यावरच रडली. मला वाटतं बटण शिकवायला हवं होतं.

घाटकोपर_साउंड
ताई, तो माझ्यासारख्या साउंडवाल्याचा दोष. ती मागे गेली की चॅनल खाली घ्यायचं काम आमचं. तरीही बटण मुलाच्या हाती देऊ नये असंच मी म्हणेन, मुकं कार्ड त्याहून वाईट.

साष्टीकर
मला नाही पटत. नऊ वर्षांची मुलगी मोबाइल चालवते, एक बटण चालवेल. सरावात लाटण्याऐवजी खरा माइक एकदा द्यायचा.

निवृत्त_बाई
खरा माइक सरावात द्यायचा हे साष्टीकरांचं शंभर टक्के बरोबर, ते मी सांगायला हवं होतं. बटणाचं मात्र मलाही ठरवता येत नाही. दोन्ही प्रकारची फजिती पाहिली आहे. ताई, पहिल्या कार्डाच्या वर अजून एक "बघ" लिहा: शूला जाऊन आली का? आमच्या शाळेत ते मी पेनाने लिहायचे, खोटं नाही.

भांडुपची_आई
🙏 तिला दाखवलं, आता हसतेय.

शीव_कोळीवाडा
आमचाही झाला, दोन ओळी खणखणीत. आता १ मे ला त्यालाच उभं करायचं म्हणतायत. ध्वजवंदनाचं कार्ड कसं करायचं?

निवृत्त_बाई
ध्वजवंदनाच्या वेळी त्याला बोलायला काही देऊ नका. "सावधान"ची आज्ञा खेळाचे सर देतात. त्याच्या कार्डावर "बोल" रिकामं ठेवा आणि "कर"मध्ये लिहा: कार्ड पाठीमागे, माइक टेबलावर, सरळ उभा राहा. राष्ट्रगीत संपल्यावर सर "विश्राम" म्हणतील, ते पुढच्या कार्डाचं "बघ".